व्हीएमसीचे हजार तास कोणत्या पार्टला द्यायचे?

वाचकाचं पत्र: शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. तीन व्हीएमसी, दोन शिफ्ट. कास्टिंग विकत घेऊन पंप बॉडी, व्हॉल्व्ह कव्हर आणि मोटर ब्रॅकेट मशीनिंग करून देतो. तिन्हीला मागणी आहे, तास पुरत नाहीत. अकाउंटंटच्या शीटप्रमाणे पंप बॉडीत नगाला १४० रुपये सुटतात, ब्रॅकेटमध्ये ९० आणि कव्हरमध्ये ८०. मग आधी सगळ्या बॉड्याच काढाव्यात का? दुसरं असं की मागच्या महिन्यात एकूण खर्च बजेटपेक्षा अडीच लाखांनी कमी आला, तरी नफा दोन लाखांनी घटला. हे कसं? शिवाय २० मिनिटांच्या एका गिअर कव्हरची चौकशी आली आहे. आमच्या हिशेबाने त्यात नगाला ७० रुपये सुटतात. घ्यावी का? सगळे आकडे सोबत पाठवत आहे.

उत्तर: सप्रेम नमस्कार.

बॉड्या आधी काढू नका. तुमच्या तीन पार्टांत त्यांचा नंबर शेवटचा लागतो. शीटमधल्या बेरजा बरोबर आहेत, पण हा निर्णय घ्यायला ते शीट उपयोगाचं नाही. त्यात महिन्याचा सहा लाखांचा स्थिर खर्च हजार तासांवर वाटून तासाला ६०० रुपये धरला आहे आणि तो प्रत्येक नगावर चढवला आहे. ऑपरेटर आणि सुपरवायझरचे पगार, शेडचं भाडं, विमा, घसारा, मशीनच्या कर्जावरचं व्याज हे सगळं तुम्ही बॉडी केली तरी जाणार आणि कव्हर केलं तरी जाणार. जो खर्च निर्णयाने बदलत नाही, तो या निर्णयातून बाहेर ठेवायचा. मार्जिनल कॉस्टिंगचं सगळं गमक एवढ्यात आहे.

मजुरीबद्दल इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. पुस्तकात मजुरी चल खर्च म्हणून, म्हणजे नगांबरोबर वाढणारा-घटणारा खर्च म्हणून, दाखवलेली असते. तुमचे ऑपरेटर महिन्याच्या पगारावर आहेत, त्यामुळे तुमच्याकडे ती स्थिर आहे. चल फक्त ओव्हरटाइम, आणि तो दुप्पट दराने द्यावा लागतो. कर्जाच्या हप्त्यातला मुद्दलाचा भाग तुमच्या शीटमध्ये खर्च म्हणून धरलेला नाही, ते बरोबर आहे. तो रोकडीच्या नियोजनात येतो, नफ्याच्या हिशेबात नाही.

वीज आणि मेंटेनन्स काही अंशी स्थिर, काही अंशी चल असतात. विजेचं वेगळं करणं सोपं, कारण बिलातच डिमांड चार्ज वेगळा आणि युनिटमागचा आकार वेगळा छापलेला असतो. डिमांड चार्ज स्थिर खर्चात टाका, युनिटवर लागणारे सगळे आकार चल खर्चात. मेंटेनन्सचं बिल असं फोडून येत नाही. तुमच्या नोंदींत सर्वांत कमी चाललेल्या महिन्यात ७०० तासांना ४२,५०० रुपये लागले, सर्वांत जास्त चाललेल्या महिन्यात ९४० तासांना ४८,५००. म्हणजे २४० तास वाढले तेव्हा ६,००० रुपये वाढले: तासाला २५ रुपये चल. ७०० तासांचे १७,५०० वजा केले की २५,००० रुपये स्थिर उरतात. दोनच महिन्यांवर विसंबण्यात धोका असतो, कारण त्यांतल्या एखाद्यात स्पिंडलची मोठी दुरुस्ती निघाली असेल तर सगळा हिशेब वाकडा होतो. असा महिना आधी वगळा. बारा महिन्यांच्या नोंदी असतील तर एक्सेलमध्ये B रकान्यात तास, C रकान्यात खर्च भरून हे लिहा:

```
=SLOPE(C2:C13,B2:B13)
=INTERCEPT(C2:C13,B2:B13)
```

पहिला आकडा तासामागचा चल भाग, दुसरा महिन्याचा स्थिर भाग. विजेचे ५० आणि मेंटेनन्सचे २५ मिळून तुमचा दर तासाला ७५ रुपये येतो.

आता नगामागचा चल खर्च असा बसतो. विक्री भावातून तो वजा जाता जे उरतं ते कॉन्ट्रिब्युशन; स्थिर खर्च आणि नफा त्यातूनच निघतात. भाव आणि खर्च दोन्ही जीएसटी वगळून आहेत.

| | पंप बॉडी | व्हॉल्व्ह कव्हर | मोटर ब्रॅकेट |
|---|---|---|---|
| विक्री भाव | १,४५० | ५२० | ६४० |
| कास्टिंग | ७८० | २८५ | ३३५ |
| इन्सर्ट, कूलंट | ७५ | ३५ | ४५ |
| वीज, मेंटेनन्स | ४५ | १० | १५ |
| पॅकिंग, भाडं | ५० | ३० | ३५ |
| नगामागे कॉन्ट्रिब्युशन | ५०० | १६० | २१० |
| व्हीएमसीवरची मिनिटं | ३६ | ८ | १२ |
| तासामागे कॉन्ट्रिब्युशन | ८३३ | १,२०० | १,०५० |
| महिन्याची मागणी (नग) | १,२०० | ३,००० | १,५०० |

शेवटून दुसरी ओळ पाहा. बॉडी नगाला ५०० रुपये देते, पण त्यासाठी मशीन ३६ मिनिटं अडवते. तेवढ्या वेळात साडेचार कव्हर होतात आणि ७२० रुपये येतात. तुमच्याकडे टंचाई नगांची नाही, गिऱ्हाइकांची नाही, व्हीएमसीच्या तासांची आहे. म्हणून क्रम लावायचा तो तासामागच्या कॉन्ट्रिब्युशनवर. आधी कव्हर, मग ब्रॅकेट, उरलेल्या वेळात बॉडी.

तास किती, हे आधी पक्कं करा. कागदावर तीन मशीन, दोन शिफ्ट, आठ तास, २५ दिवस म्हणजे १,२०० तास होतात. शिफ्टबदल, जेवण-चहा, चिप्स काढणं, नेहमीचं सेटिंग आणि वीज जाणं यांत शिफ्टमागे सरासरी ८० मिनिटं जातात असं तुमच्या नोंदी सांगतात. १५० मशीन-शिफ्टचे २०० तास गेले, हातात १,००० उरले. मागणी पुरी करायची तर लागतील १,४२०: बॉडीला ७२०, कव्हरला ४००, ब्रॅकेटला ३००.

शीटमधल्या क्रमाने गेलात तर बॉड्या ७२० तास खातील आणि ६,००,००० रुपये देतील. उरलेल्या २८० तासांत १,४०० ब्रॅकेट, २,९४,०००. कव्हर एकही नाही. कॉन्ट्रिब्युशन ८,९४,०००, स्थिर खर्च वजा जाता नफा २,९४,०००.

तासांच्या क्रमाने गेलात तर ३,००० कव्हरचे ४,८०,०००, १,५०० ब्रॅकेटचे ३,१५,००० आणि उरलेल्या ३०० तासांत ५०० बॉड्यांचे २,५०,०००. एकूण १०,४५,०००, नफा ४,४५,०००. तेच मशीन, तेच ऑपरेटर, तेवढेच तास, आणि महिन्याला दीड लाखाचा फरक.

पण ५०० बॉड्या तुम्हाला चालणार नाहीत, कारण पंपवाल्या गिऱ्हाइकाशी महिन्याला किमान ७०० चा शब्द आहे. म्हणून तो शब्द आधी वजा करा आणि मग क्रम लावा. ७०० बॉड्यांना ४२० तास, कव्हरला ४००, राहिले १८० तास, त्यांत ९०० ब्रॅकेट. कॉन्ट्रिब्युशन १०,१९,०००. म्हणजे हा शब्द पाळण्याची किंमत महिन्याला २६,००० रुपये आहे. ती मोजणं योग्य आहे की नाही हे कोणतंही शीट सांगणार नाही. ते गिऱ्हाईक पैसे वेळेवर देतं का, मंदीत ऑर्डर टिकवतं का, यावर ते तुम्हीच ठरवायचं. मात्र पुढच्या वेळी भाव ठरवायला बसाल तेव्हा हा आकडा समोर असू द्या. बॉडी ब्रॅकेटच्या तोडीला यायची तर तिला ०.६ तासाचे १,०५० च्या दराने ६३० रुपये कॉन्ट्रिब्युशन हवं. म्हणजे भाव १,५८० हवा. १३० रुपये वाढवून मिळणार नाहीत हे उघड आहे, पण सायकल टाइम ३६ वरून २९ मिनिटांवर आला तरी तेच साधतं. रफिंगला जास्त फीडचा कटर, दोन बॉड्या एकदम धरणारं फिक्स्चर, टूल बदलण्याच्या फेऱ्या कमी करणारा प्रोग्रॅम, यांचा खर्च या हिशेबाने तोलून पाहा.

आता एक सावधगिरी, कारण याच ठिकाणी हा क्रम पुष्कळदा फसतो. वरची मिनिटं निव्वळ कटिंग सायकलची आहेत. कव्हर कागदावर पहिलं येतं, पण ते तुम्ही किती नगांच्या लॉटमध्ये काढता? तुमच्याकडे एका पार्टवरून दुसऱ्यावर जायला फिक्स्चर बदलणं, टूल ऑफसेट घेणं आणि पहिला नग तपासून पास होणं यात अडीच तास जातात. १५० चा लॉट लावला तर २० तास कटिंग अधिक अडीच तास सेटिंग, आणि तासाला १,०६७ रुपये पडतात. ५० चा लावला तर ८७३. ३० चा लावला तर ७३८. बॉडीचा ५० चा लॉट ३० तास चालतो, त्यामुळे सेटिंग धरूनही ती ७६९ देते. म्हणजे ३०-३० चे लॉट काढणारं कव्हर बॉडीच्याही खाली जातं. गिऱ्हाईक रोज थोडे थोडे मागतो म्हणून रोज सेटिंग फिरवू नका. आठवड्याचे कव्हर एकदम काढा आणि तयार माल रॅकवर ठेवून रोज पाठवा. तयार मालात थोडे पैसे अडकतील, पण व्हीएमसीचा तास त्याहून महाग आहे. एक पथ्य मात्र पाळा: सेटिंगचा वेळ नगात धरला तर उपलब्ध तासांतून तो आधी वजा करायचा नाही, नाहीतर दोनदा मोजला जातो.

आता मागच्या महिन्याकडे वळू. खर्च कमी आला याचा आनंद मानायचं कारण नाही, कारण माल कमी झाला की खर्च कमी होतोच. बजेट होतं ९०० बॉड्या, २,१०० कव्हर आणि ९०० ब्रॅकेटचं. झाल्या ८०० बॉड्या, १,५०० कव्हर, ९०० ब्रॅकेट. प्रत्यक्ष खर्चाची तुलना २,१०० कव्हरच्या खर्चाशी करून काहीच कळत नाही. म्हणून मध्ये एक रकाना घालायचा: जेवढे नग खरोखर झाले, तेवढ्यांना बजेटच्या दराने किती खर्च यायला हवा होता? हेच फ्लेक्सिबल बजेट.

| | मूळ बजेट | झालेल्या नगांचं बजेट | प्रत्यक्ष |
|---|---|---|---|
| विक्री | २९,७३,००० | २५,१६,००० | २५,१६,००० |
| चल खर्च | १९,९८,००० | १६,८७,००० | १७,४१,००० |
| कॉन्ट्रिब्युशन | ९,७५,००० | ८,२९,००० | ७,७५,००० |
| स्थिर खर्च | ६,००,००० | ६,००,००० | ६,०५,००० |
| नफा | ३,७५,००० | २,२९,००० | १,७०,००० |

पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात खर्चाचा फरक २,५२,००० कमी दिसतो, तो तुमच्या अकाउंटंटने सांगितलेला. मधला रकाना सांगतो की झालेल्या मालाच्या मानाने खर्च उलट ५९,००० जास्त झाला आहे. नफ्यातली २,०५,००० ची घट आता दोन तुकड्यांत फुटते: १,४६,००० माल कमी झाल्यामुळे आणि ५९,००० खर्च वाढल्यामुळे. पहिल्याचा जाब प्रॉडक्शन प्लॅनिंगला विचारायचा, दुसऱ्याचा खरेदी आणि शॉप फ्लोअरला. ही दोन माणसं वेगळी आहेत, म्हणूनच हा मधला रकाना लागतो.

मधला रकाना टक्क्यांनी काढू नका. झालेल्या नगांचे ठरलेले तास ८६० होतात, म्हणून ‘८६ टक्के काम झालं, बजेटही ८६ टक्के करा’ असं करायचा मोह होतो. तसं केलं तर चल खर्च सुमारे १७,१८,००० यायला हवा होता असं दिसेल आणि जादा खर्च जेमतेम २३,००० वाटेल. खरा जादा चल खर्च ५४,००० आहे. अर्ध्याहून जास्त झाकला गेला. कारण तिन्ही पार्ट सारख्या प्रमाणात कमी झालेले नाहीत. कव्हर खूप घटली, बॉड्या थोड्या, ब्रॅकेट तेवढेच राहिले. प्रत्येक पार्टचे नग त्याच्या त्याच्या दराने गुणून मगच बेरीज करायची.

५४,००० कुठे गेले तेही याच पद्धतीने ओळीओळीने पाहा. कास्टिंगला १३,५३,००० लागायला हवे होते, १३,८७,००० लागले. इन्सर्ट-कूलंटला १,५३,००० हवे होते, १,७१,००० लागले. वीज-मेंटेनन्स २,००० ने जास्त, पॅकिंग बरोबर. कास्टिंग आणि इन्सर्ट हे दोन आकडे एकदम वाढतात तेव्हा मूळ बहुतेक एकच असतं: फौंड्रीकडून आलेला माल. ग्रे आयर्नच्या कास्टिंगमध्ये हार्ड स्पॉट असले की इन्सर्टच्या कडा तुटतात, आणि आत ब्लो होल असलं की नग रिजेक्ट होतो. तुमचे जादा ३४,००० हे चाळीसहून अधिक पंप बॉड्यांच्या कास्टिंगएवढे आहेत. रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये तारीख आणि हीट नंबर लिहिला असेल, तर दोन-तीन हीटमध्येच बहुतेक नग सापडतात का ते बघा. तसं असेल तर प्रश्न फौंड्रीचा आहे. सगळ्या हीटमध्ये विखुरलेले असतील तर तुमचं फिक्स्चर किंवा टूल तपासा.

आणि इथे फौंड्रीकडून बदली कास्टिंग मिळालं म्हणजे भरपाई झाली असं समजू नका. शेवटचं बोअरिंग होताना ब्लो होल उघडं पडलं, तर ३६ मिनिटं गेलेली असतात. इन्सर्ट आणि विजेचे १२० रुपये गेले, आणि त्या ३६ मिनिटांत दुसरी बॉडी होऊन ५०० रुपये आले असते. बदली कास्टिंग फुकट आलं तरी एका नगाला ६२० रुपयांचा फटका राहतोच. म्हणून खराब कास्टिंग व्हीएमसीवर चढायच्या आधी पकडायचं. ज्या बोअरमध्ये ब्लो होल निघतात तो बोअर लेथवर रफ करून घ्या. लेथचे तास तुमच्याकडे मोकळे आहेत. दर हीटमधल्या दोन-तीन नगांचा हार्डनेस तपासा. मोकळ्या मशीनवरचं अर्ध्या तासाचं काम तुमच्या हिशेबात जवळजवळ फुकट आहे, तर व्हीएमसीवरच्या अर्ध्या तासाची किंमत चारशे रुपयांवर जाते.

१,४६,००० ची दुसरी बाजूही उकलून पाहा. बॉड्या १०० कमी झाल्या, त्याचे ५०,०००. कव्हर ६०० कमी, त्याचे ९६,०००. दोन्ही मिळून १४० तास हरवले. ऑर्डर होत्या, म्हणजे बाजाराने मार दिलेला नाही. रिजेक्ट बॉड्यांनी त्यांतले २६ एक तास खाल्ले असतील. उरलेले ११० च्या वर तास कुठे गेले, हे मशीनपाशी ठेवलेल्या नोंदवहीशिवाय कळणार नाही. प्रत्येक व्हीएमसीला एक पान लावा आणि मशीन दहा मिनिटांहून जास्त थांबलं की ऑपरेटरने कारण लिहायचं: सेटिंग, कास्टिंग नाही, इन्सर्ट नाही, इन्स्पेक्शनची वाट, वीज, बिघाड. महिनाभराने बेरीज करा. रोज सेटिंग फिरवत असाल तर या तासांतला मोठा वाटा तिथेच सापडेल. आणि पहिला नग पास व्हायला मशीन दीड तास थांबतं असं दिसलं, तर अडचण व्हीएमसीची नसून इन्स्पेक्टरची आहे.

तास कमी पडतात तर काही मशीनिंग बाहेर द्यायला हवं. इथे प्रश्न असा असतो की कोणता पार्ट बाहेर पाठवायचा. तुमच्याकडे दोन कोटेशन आहेत: बॉडीला ४०० रुपये आणि कव्हरला ११५ रुपये, ने-आण अनुक्रमे २० आणि १०. कव्हर स्वस्त पडतं असं वाटतं, पण हिशेब पुन्हा तासावरच करायचा. बॉडी बाहेर दिली तर ४२० जातात आणि तुमचे इन्सर्ट-विजेचे १२० वाचतात. निव्वळ ३०० जादा देऊन ०.६ तास मोकळे झाले, म्हणजे तासाला ५०० रुपये. कव्हर बाहेर दिलं तर १२५ जातात, ४५ वाचतात; ८० रुपये जादा देऊन ८ मिनिटं मोकळी झाली, म्हणजे तासाला ६००. बॉडी बाहेर पाठवा.

बाहेर केलेल्या बॉडीला तुम्हाला नगामागे २०० रुपयेच सुटतील. त्याने बिचकू नका. घरात कव्हर, ब्रॅकेट आणि ५०० बॉड्या, बाहेर ७०० बॉड्या, असं केलं तर सगळी मागणी पुरी होते आणि १०,४५,००० वर आणखी १,४०,००० येतात. पंपवाल्याचा ७०० चा शब्दही आपोआप पाळला जातो, २६,००० मोजावे लागत नाहीत. अट एवढीच की बाहेर मशीनिंग करायला त्यांची लेखी परवानगी घ्या, आणि बाहेरच्या शॉपमध्ये रिजेक्शन झालं तर कास्टिंगचे ७८० कोणी सोसायचे हे ऑर्डरवरच लिहून घ्या. नगामागे २०० सुटत असताना चार चांगल्या बॉड्यांचं कॉन्ट्रिब्युशन एका रिजेक्ट कास्टिंगमध्ये जातं.

शेवटी गिअर कव्हर. ६९० चा भाव, ४२० चल खर्च, २० मिनिटं. ६०० च्या मशीन-अवर रेटने २०० चढवून तुम्ही ७० रुपये नफा काढला आहे. तो रेट तुमच्या स्थिर खर्चाचा आहे, तासाच्या किमतीचा नाही. गिअर कव्हरचं कॉन्ट्रिब्युशन २७० रुपये, तासाला ८१०. आजच्या स्थितीत, म्हणजे काहीच बाहेर देत नसताना, ते घ्यायला कमीत कमी ८३३ च्या बॉडीला बाजूला सारावं लागेल. ७० रुपये नफा दिसत असूनही ऑर्डर तोट्याची ठरते. त्यासाठी भाव निदान ७०० च्या आसपास हवा: ४२० अधिक २० मिनिटांचे २७८. ब्रॅकेट बाजूला पडत असतील तर ४२० अधिक ३५०, म्हणजे ७७०.

पण बॉड्या बाहेर द्यायला सुरुवात केलीत की हे चित्र पालटतं. तेव्हा गिअर कव्हरला लागणारा तास बॉडी गमावून येत नाही. ती बॉडी बाहेर करून घेऊन येतो, आणि त्याची किंमत तासाला ५०० आहे. महिन्याला ३०० गिअर कव्हर म्हणजे १०० तास. त्यातून ८१,००० येतील. घरातल्या १६७ बॉड्या आणखी बाहेर जातील, त्याचे ५०,००० जादा लागतील. ३१,००० हातात राहतात. तेव्हा ६९० ला ऑर्डर घ्या, पण बाहेरच्या शॉपला महिन्याला ८६७ बॉड्या झेपतील का हे आधी विचारा. त्याची क्षमता ७०० ला संपत असेल, तर तुमच्या तासाची किंमत पुन्हा ८३३ होते आणि ६९० चा भाव अपुरा पडतो. कास्टिंगचा दर किंवा बाहेरच्या शॉपचं कोटेशन बदललं, की कोष्टकातल्या तासाच्या ओळीपासून हिशेब पुन्हा मांडा.